एकाच कंपनीचे कामगार, आकडे मात्र वेगवेगळे

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत किती माणसं कामाला आहेत, असं विचारलं तर ऑफिसातून एक आकडा मिळतो, गेटवरच्या वॉचमनकडून दुसरा आणि कंपनीच्या वार्षिक अहवालातून तिसरा. बऱ्याचदा तिन्ही खरे असतात, कारण प्रत्येकानं वेगळी माणसं मोजलेली असतात.

हिशेब समजावा म्हणून एक फाउंड्री धरू. तिच्या मस्टरवर १८० कायम कामगार आहेत. ओतकाम झालं की कास्टिंगच्या कडा घासायच्या, म्हणजे फेटलिंग करायचं, ते काम ठेकेदाराच्या ९० माणसांकडे आहे. लोडिंग आणि सफाईला ४०, सुरक्षा आणि कॅन्टीनला ३०. ही १६० माणसं रोज त्याच गेटनं आत येतात, पण त्यांचा पगार ठेकेदार काढतो. म्हणून ऑफिस १८० सांगतं आणि गेटवर ३४० भरतात.

आता याच फाउंड्रीच्या पूर्ण मालकीची एक उपकंपनी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला मशीन शॉप चालवते, असं समजा. तिथं १०० कायम आणि ६० कंत्राटी. मग समूहाचे कायम कामगार २८०, आणि सगळे मिळून ५००. फाउंड्रीचे चार जण तिकडे कामाला पाठवले असतील आणि त्यांची नावं दोन्ही मस्टरांवर असतील, तर ते दोनदा मोजले जातात. बेरजेआधी ती नावं ताडून पाहायलाच हवीत.

खरी गफलत भागाकारात होते. महिन्याला ६८० टन माल निघत असेल, तर ३४० माणसांनी भागून माणशी दोन टन येतात. १८० नी भागलं तर जवळजवळ पावणेचार! फेटलिंग करणारे ९० हात त्यात हिशेबातूनच गळतात, आणि सगळे कामगार कायम ठेवणारा शेजारचा कारखाना विनाकारण आळशी ठरतो. हे अन्यायाचं आहे.

पगाराचंही तसंच. ठेकेदाराचं बिल नफा-तोटा पत्रकात बहुतेक वेळा कर्मचारी खर्चात न दिसता इतर खर्चात जातं. त्यामुळे कर्मचारी खर्चाला ३४० नी भागलं, तर सरासरी पगार खोटाच कमी दिसतो. तिथं १८० च घ्यायचे. समूहाच्या एकत्रित नफा-तोटा पत्रकातला खर्च असेल, तर समूहाचे २८०.

शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या आपल्या सामाजिक आणि पर्यावरणाच्या जबाबदारीबद्दल जो बीआरएसआर अहवाल देतात, त्यात कायम आणि कायम नसलेले वेगळे दाखवतात. आकडे एकट्या कंपनीचे की समूहाचे, हेही सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. आधी ते वाचावं. पीएफच्या संकेतस्थळावर पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ठेकेदाराचा पीएफ नोंदणीचा कोड वेगळा असेल तर त्याची माणसं कंपनीच्या कोडखाली दिसत नाहीत.

साखर कारखान्याबाबत तारीखही बघा. ३१ मार्चपर्यंत गाळप आटोपलेलं असेल, तर हंगामी कामगार घरी गेलेले असतात. त्या दिवसाचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशी जुळणार नाही. आणि फडातले ऊसतोड मजूर सहसा दोन्हींत नसतात.