कपाळावरचं भस्म

मंडळी, पत्रिकेत विषय ‘मुलांचं संगोपन’ असा छापलाय, पण मला बोलायचंय ते आजी-आजोबा, मामा, आत्या, खाला यांच्याशी.

माझ्या मुलीनं मुसलमान मुलाशी लग्न केलं, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. म्हणजे घरात दोन्ही धर्म राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. आपण नातेवाईक मात्र वर्षानुवर्षं कोण कुणाकडे झुकतंय ते मोजत बसतो.

नातू चार वर्षांचा असताना मी त्याला गड्ड्याच्या जत्रेला नेलं. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, कपाळाला भस्म लावलं, पाळण्यात बसवलं. परत येताना दादीच्या दाराशी पदरानं त्याचं कपाळ पुसलं आणि म्हणाले, “दादीला सांगू नको हं.” मला वाटलं, वाद टाळला. महिन्याभरानं पुन्हा देवळात गेलो. येताना जिन्यातच तो थांबला आणि मी काही बोलायच्या आत शर्टाच्या बाहीनं कपाळ खसाखसा घासू लागला. लाल होईपर्यंत. ते कपाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्याला देव कळला नव्हता, धर्मही नाही. एका घरातलं दुसऱ्या घरात लपवायचं असतं, एवढं मात्र पक्कं कळलं होतं. मग आठवलं, ‘दादीकडे काय केलंस?’ विचारलं की तो आधी माझा चेहरा बघायचा, मग उत्तर द्यायचा. मूल असं चेहरा वाचून बोलायला लागलं, की समजावं, आपण मोठ्यांनी काहीतरी बिघडवलंय.

जावयाला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “आई, विचारलं असतं तर मीच सोडायला आलो असतो.” तेव्हापासून नेण्याआधी फोन करते. आई-बाप नको म्हणाले तर नेत नाही. आणि ‘ते लोक’ हा शब्द टाकला. ‘दादीकडे असं करतात, आपल्याकडे असं’, एवढंच सांगते.

वेळ संपत आलीय, बाकीचं भराभर सांगते. शाळेच्या फॉर्मातला धर्माचा रकाना आई-बापांनी भरायचा. सरकार कुणालाही कागदावर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2014 साली सांगितलंय. हिंदू-मुसलमान जोडप्यानं विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, तर त्यांच्या वारसाहक्काला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, म्हणून मृत्युपत्र वेळीच करायला सांगा. खाण्याचं म्हणाल तर ज्या घरात ताट, त्या घरची रीत. पण आई-बापांनी वर्ज्य केलेलं गुपचूप भरवायचं नाही.

राहिलं जावळ. दादीकडच्या अकीका या विधीत सातव्या दिवशी बाळाचे केस काढतात आणि त्यांच्या वजनाएवढ्या चांदीची किंमत दान करतात. आपल्याकडे जावळ मामाच्या मांडीवर. धाकट्या नातीच्या वेळी दोन्ही घरं आधी बसून बोललो. सातव्या दिवशी, दादीच्या घरी, माझा मुलगा मांडी घालून बसला आणि दादीनंच बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.