नकार नेमका कुठे आला?

या वहीत ३८ ओळी आहेत. एकेक ओळ म्हणजे इंटर्नशिपसाठी केलेला एकेक अर्ज. शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: नाही.

ही मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर नकार आला की ती रेझ्युमे उघडायची, फाँट बदलायची, रंग बदलायची आणि पुढच्या अर्जाला लागायची. आज मात्र रेझ्युमे बंद आहे. पट्टी घेऊन ती वहीत नवा रकाना आखते आहे. त्याचं नाव, 'कुठे थांबलं?'

भरत जाणारा हा रकाना नीट पाहा. दोन अर्ज मुलाखतीनंतर थांबले. पाच ऑनलाइन चाचणीत अडकले. उरलेल्या ३१ अर्जांवर तिच्याशी कुणी एक शब्दही बोललं नव्हतं.

३१ म्हटल्यावर कुणीही म्हणेल, रेझ्युमेच वाईट असणार. तीही तेच म्हणाली. मग तिने मूळ जाहिराती एकेक करून पुन्हा वाचायला घेतल्या. बारा जाहिरातींत स्पष्ट लिहिलं होतं, शेवटच्या किंवा त्याआधीच्या वर्षातले विद्यार्थी हवेत. ती दोन्हींत बसत नव्हती. नऊ ठिकाणी तिचा अर्ज जाहिरातीनंतर तीन आठवड्यांनी गेला होता. बऱ्याच कंपन्या अर्ज येतील तसे पाहतात आणि पुरेसे उमेदवार मिळाले की थांबतात, त्यामुळे हे नऊ अर्ज कुणी उघडलेच नसण्याची शक्यता मोठी. आता पेन्सिलची रेघ पाहा: २१ ओळी बाजूला. रेझ्युमेबद्दल काही सांगू शकतील असे अर्ज उरले फक्त दहा.

हा हिशेब आधी व्हायला हवा, असं आम्हाला फार वाटतं. चुकीच्या जागी गेलेला अर्ज रेझ्युमेबद्दल काहीच सांगत नाही, तरी राग निघतो तो रेझ्युमेवरच.

त्या दहांसाठी तिने रेझ्युमे उघडला. दोन रकान्यांचा, सुबक. त्यातला सगळा मजकूर तिने कॉपी केला आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट केला. स्क्रीनवर काय आलं ते पाहा. डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या प्रोजेक्टच्या वाक्यांत घुसली आहेत. अर्जातला मजकूर सॉफ्टवेअरने वाचला, तर त्यालाही असाच गोंधळ दिसू शकतो. त्या दिवशी दोनाचा एक रकाना झाला.

पण खरी अडचण होती ती या ओळीत: 'ग्रंथालय व्यवस्थापन प्रोजेक्टवर काम केले.' प्रोजेक्ट चौघांचा होता. हिने त्यात काय केलं?

याचं उत्तर मुलाखतीच्या सरावात सापडलं. समोर तिची सीनियर बसली आहे, मध्ये फोन उभा करून रेकॉर्डिंग चालू आहे. प्रश्न साधाच आहे: तुझ्या प्रोजेक्टबद्दल सांग. उत्तर संपल्यावर सीनियर फोन तिच्या हातात देते.

"ऐक आणि मोज. 'आम्ही' किती वेळा म्हणालीस?"

कागदावर खुणा पडत जातात. 'आम्ही' अकरा वेळा. 'मी' दोनदा.

"पण ताई, काम सगळ्यांनीच केलं ना."

"हो. पण इंटर्न म्हणून सगळ्यांना घेणार नाहीत. तुझा भाग कोणता?"

तिचा भाग होता उशिरा परत आलेल्या पुस्तकांचा दंड मोजण्याचा. त्यात सुट्टीचे दिवसही धरले जात होते. ती चूक तिनेच शोधली, तिनेच दुरुस्त केली, आणि पुन्हा होऊ नये म्हणून तपासणीही लिहिली. एवढं सगळं असताना रेझ्युमेत त्याची ओळ नव्हती आणि दोन्ही मुलाखतींत उल्लेख नव्हता. एकच उणीव दोन्हीकडे होती. दोनच मुलाखतींवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. त्यातल्या पहिलीचे तर निम्मे प्रश्न ती विसरली होती. म्हणून आता मुलाखत संपली की तासाभरात प्रश्न आणि दिलेलं उत्तर, दोन्ही ती वहीत उतरवते.

नवी ओळ टाइप होते आहे: 'उशीर-दंडाचा भाग लिहिला, सुट्ट्या मोजल्या जाण्याची चूक शोधून दुरुस्त केली.' मोकळ्या वेळाबद्दलचा परिच्छेद काढला, प्रोजेक्ट वर आला.

चाचण्यांचा सराव वेगळा, तो रोज संध्याकाळी चालू आहे.

पुढच्या फेरीत अर्ज १४, सगळे तिच्या वर्षाला चालणारे आणि जाहिरात आल्यापासून तीन दिवसांत पाठवलेले. मुलाखती तीन, होकार एक.

हे वहीचं नवं पान. एका नकारासोबत कंपनीने कळवलं होतं की जागाच रद्द झाली. 'कुठे थांबलं?' या रकान्यात तिने लिहिलं, 'त्यांच्याकडे'. त्या संध्याकाळी रेझ्युमे उघडला नाही.