चार तास म्हणजे नक्की किती तास?

नमस्कार. मला 40 मिनिटं दिली होती, त्यातली 7 माइकने खाल्ली, तेव्हा प्रस्तावना सोडून देते. विषय तुमच्या ओळखीचाच आहे, नोकरीच्या मुलाखतीआधी घरी करायला देतात ती असाइनमेंट. एचआरचा मेल येतो, सोबत एक झिप फाइल, आणि खाली ओळ असते, ‘साधारण 4 तासांचं काम आहे, सोमवारी सकाळी 10 पर्यंत पाठवा.’ मेल येतो शुक्रवारी संध्याकाळी. नेहमी शुक्रवारीच का, हे मला कधी कळलं नाही. आता मी पलीकडच्या बाजूला बसते, असे मेल मीही पाठवते, आणि परवा तारखा बघितल्या तर माझेही सगळे शुक्रवारचेच. (हशा)

हात वर करा बघू, 4 तासांचं काम खरंच 4 तासांत संपवलंय असे किती? दोन. त्यातले एकजण आता खाली बघतायत. असो.

मी डेटा अ‍ॅनालिस्ट, त्यामुळे उदाहरण माझ्याच गल्लीतलं देते. नोटिस पिरियड 90 दिवसांचा, दिवसा जुनी नोकरी, रात्री मुलाखती, अशा काळातली गोष्ट आहे. एका कंपनीने मला दोन फाइली पाठवल्या, एक ऑर्डरची, एक गिऱ्हाइकांची. ऑनलाइन किराणा विकणारं दुकान समजा. प्रश्न एका ओळीचा होता: ‘या तिमाहीत परत येणारे गिऱ्हाईक कमी झालेत का, ते बघून एका पानात सांगा.’ एका पानात! हे मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं आणि मनात म्हटलं, एक पान तर सगळेच देतील.

मग काय विचारता. शुक्रवारी रात्री बसले ती शनिवार गेला, रविवार गेला. आई दोनदा दारात येऊन विचारून गेली, ‘नोकरी लागली की काय तुला तिथे?’ मी 31 आलेख काढले. शहरानुसार, वारानुसार, पैसे कसे दिले त्यानुसार. क्लिक केलं की रंग बदलणारा डॅशबोर्ड केला. कोणतं गिऱ्हाईक आपल्याला सोडून जाणार, हे सांगणारं मॉडेल बसवलं, जे कोणी मागितलं नव्हतं. एकूण 23 तास. तुम्ही आता कांदेपोह्यांच्या विनोदाची वाट बघताय, मला दिसतंय. तो मी करणार नाही.

मंगळवारी चर्चेचा कॉल. पलीकडे एक मॅडम होत्या, शांत. त्यांनी डॅशबोर्ड उघडलाच नाही. म्हणाल्या, ‘मार्चमध्ये एकूण ऑर्डर किती?’ मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे याच्या निम्म्याहून कमी आहेत.’ मला वाटलं त्यांचंच चुकलंय, आणि मी तसं सुचवलंसुद्धा. (हशा) हसा. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

झालं होतं असं. त्या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक ऑर्डर नव्हती, एक ओळ म्हणजे ऑर्डरमधली एक वस्तू होती. कोणी तांदूळ, तेल आणि साबण एकदाच मागवले की तीन ओळी, तिन्हींवर ऑर्डर क्रमांक एकच. मी त्या तीन ऑर्डर धरल्या. म्हणजे एका वेळी दोन वस्तू घेणारा प्रत्येक माणूस माझ्या हिशेबात परत आलेला गिऱ्हाईक! दहातले सात परत येतात, असं मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. खरे पाचात एक होते. वरचे 31 आलेख, डॅशबोर्ड, मॉडेल, सगळं त्या एका चुकीवर उभं. पकडायला किती वेळ लागला असता? इतका:

```python
import pandas as pd
df = pd.read_csv("orders.csv")
print(len(df), df["order_id"].nunique())
# 18240 7415
```

ओळी 18,240 आणि वेगळे ऑर्डर क्रमांक 7,415. हे दोन आकडे शेजारी दिसले की माणूस थांबतो आणि विचारतो, ही एक ओळ नक्की कशाची आहे? मी 23 तासांत हा प्रश्न विचारला नाही, कारण मला डॅशबोर्डचे रंग निवडायचे होते.

ती नोकरी मिळाली नाही. नकाराचा मेलही आला नाही, आणि इथे माझी एक जुनी तक्रार आहे, ती बोलून घेते. ज्याने तुमच्यासाठी शनिवार-रविवार घातला त्याला दोन ओळींचं उत्तर द्या हो. तेही जमत नसेल तर असाइनमेंट देऊ नका, समोर बसवून तासभर बोला. दुसरी तक्रार त्याहून मोठी आहे. काही ठिकाणी असाइनमेंटच्या नावाखाली चक्क काम करून घेतात. ओळखायचं कसं? डेटा बनावट नसून त्यांचा चालू धंद्याचा असतो, ‘झालं’ कधी म्हणायचं ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि शेवटी ‘आमच्या सर्व्हरवर चढवून द्या’ असं येतं. माझ्या एका मैत्रिणीला एका जागेसाठी तीन असाइनमेंट आल्या, प्रत्येक आधीच्या कामाची पुढची पायरी. तिसऱ्यांदा तिने लिहिलं, ‘याचे पैसे घेईन, किंवा माझं आधीचं काम दाखवते.’ पुन्हा मेल आला नाही. तिचे चार दिवस मात्र वाचले.

हां, चिठ्ठी आली. 10 मिनिटं. आणि जे बोलायला बोलावलं होतं ते अजून बाकीच आहे. (हशा) तर आता भराभर.

4 तास हा आकडा प्रश्नाचाच भाग आहे, सूचना नव्हे. तपासणारा बघत असतो की 4 तासांत तुम्ही काय करायचं ठरवलंत आणि काय सोडलंत. पहिला अर्धा तास कोणताही आलेख नाही. फाइल उघडा, एक ओळ कशाची, तारखा कुठून कुठवर, रिकाम्या जागा कुठे, एवढंच बघा. बघताना जे अडेल ते एचआरला लगेच लिहा. ‘परत येणारा’ म्हणजे किती दिवसांत परत आलेला? 4 तास हा कामाचा अंदाज आहे की कडक मर्यादा? वाचणार कोण, अ‍ॅनालिस्ट की मॅनेजर? उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही. तुम्ही काय धरलंत ते लिहून पुढे जायचं. शुक्रवारी रात्री उत्तर येत नाहीच, पण प्रश्न विचारल्याची नोंद राहते आणि ती वाचली जाते. मग दोन तास मूळ कामाला, एक तास लिहायला. उरलेल्या अर्ध्या तासात सगळं एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये टाकून पुन्हा चालवून बघायचं. आमच्याकडे येणाऱ्या फाइलींत अजूनही `C:\Users\...\Downloads\final_final2\orders.csv` असा पत्ता लिहिलेला असतो. तो फोल्डर माझ्या लॅपटॉपवर कुठून येणार?

लिहायला पूर्ण तास लागतो, हे कोणालाच पटत नाही. म्हणून मी आता ज्या असाइनमेंटवर उमेदवार तपासते त्यातलं एक उत्तर सांगते. प्रश्न तोच, मी माझ्या अपमानातूनच ती बनवली आहे, वस्तूंच्या ओळींची खोडसुद्धा ठेवली आहे. पण तिच्यात आणखी एक खोड आहे, जी मला स्वतःला फार उशिरा कळली.

डेटा जानेवारी ते मार्च, 31 मार्चला संपतो. गिऱ्हाइकांच्या फाइलमध्ये प्रत्येकाच्या पहिल्या खरेदीची तारीख आहे. त्यावरून महिन्यामहिन्याचे गट केले की जानेवारीत पहिल्यांदा आलेल्यांपैकी 31 टक्के परत आले, फेब्रुवारीतले 23, मार्चमधले 9. बहुतेक उमेदवार इथेच लिहितात, ‘मोठी घसरण आहे.’ घसरण कसली? जानेवारीतल्या माणसाला परत यायला दोन ते तीन महिने मिळाले. 25 मार्चला आलेल्याला मिळाले सहा दिवस. त्याचा तांदूळसुद्धा अजून संपला नसेल! प्रत्येकाला सारखे 30 दिवस देऊन मोजलं तर जानेवारी 18 टक्के, फेब्रुवारी 17. मार्चचं मोजताच येत नाही, कारण मार्चमधल्या बहुतेकांचे 30 दिवस अजून भरलेलेच नाहीत.

एका मुलाचं उत्तर दीड पानाचं होतं. पहिली ओळ: ‘परत येणारे गिऱ्हाईक घटल्याचा पुरावा या डेटात नाही, जी घट दिसते ती मोजण्याच्या पद्धतीमुळे दिसते.’ खाली एकच आलेख, दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी. मग, मी काय धरलं: ऑर्डर क्रमांकाने मोजलं, 30 दिवसांची मुदत मी निवडली. 60 दिवस धरले तर फक्त जानेवारीचं, तेही 30 तारखेपर्यंत आलेल्यांचंच, पूर्ण मोजता येतं. मग, काय केलं नाही: शहरांनुसार पाहिलं नाही, मार्चबद्दल बोलायला 30 एप्रिलपर्यंतचा डेटा लागेल. शेवटी, ‘वेळ लागला 4 तास 20 मिनिटं.’ कोड वेगळ्या फाइलमध्ये, चालवायचा कसा ते दोन ओळींत. मॉडेल नाही, डॅशबोर्ड नाही. मी ते वाचून खुर्चीतून उठून चहा घेऊन आले आणि पुन्हा वाचलं.

लक्षात घ्या, ‘काय केलं नाही’ हा भाग वाचून त्याचे गुण कमी झाले नाहीत. त्यावरूनच पुढच्या कॉलचे प्रश्न निघाले. आम्ही विचारलं, दुकानाच्या मालकाला आज निर्णय घ्यायचाय, एप्रिलपर्यंत थांबता येत नाही, तर? तो म्हणाला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलेल्यांना 24 दिवस मिळालेत, आधीच्या दोन महिन्यांच्या पहिल्या आठवड्यातल्यांनाही 24च दिवस देऊन ताडून बघू, पण माणसं थोडी असतील, आकडा डुगडुगेल. माझ्या 31 आलेखांत हे वाक्य कुठेच नव्हतं.

माइक बंद करायच्या आधी एक प्रश्न घेते. हां, मागे, निळा शर्ट. ‘4 ऐवजी 11 तास लागले तर खरं सांगायचं का?’

सांगायचं. आणि कुठे गेले तेही सांगायचं. ‘6 तास तारखा दुरुस्त करण्यात गेले, कारण दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिल्या होत्या’ असं लिहिलंत तर मला कळतं की असाइनमेंट माझीच जड झाली आहे. मागच्या वर्षी तिघांनी तसं लिहिलं, मी ती फाइल बदलली. 4 लिहून 11 तासांचं काम पाठवलंत तर कॉलवर मी म्हणेन, आता माझ्यासमोर 30 चे 45 दिवस करून दाखवा, आणि तुम्हाला स्वतःचाच कोड 600 ओळींत शोधावा लागेल. ते बघायला मला आवडत नाही हो, त्या जागी मी बसलेली आहे. चला, पुढचे वक्ते दारात उभे आहेत.