दोन टक्के सूट आणि वीस दिवस

नमस्कार, श्रोतेहो. सांगलीतल्या एका हार्डवेअर दुकानदाराच्या हाती एक लाख रुपयांचे बिल आले आहे, असे समजू. बिलाच्या तळाशी अट छापली आहे: दहा दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. गल्ल्यात तेवढे पैसे नाहीत. बँकेत मात्र १२ टक्के व्याजाचे कॅश क्रेडिट खाते आहे. बारा टक्के भरून दोन टक्के मिळवायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला, असे म्हणून तो बिल खिळ्याला लावून ठेवतो.

त्याची गल्लत अशी की, बारा टक्के हे वर्षाचे आहेत आणि दोन टक्के अवघ्या वीस दिवसांचे. दहाव्या दिवशी ९८,००० रुपये देऊन सुटका होत असताना तो तिसाव्या दिवशी एक लाख देतो, म्हणजे ९८,००० रुपये वीस दिवस वापरण्याचे २,००० रुपये व्याज मोजतो. भागायचे ९८,००० ने, कारण वापरायला मिळाली ती रक्कम तेवढीच, उत्तर २.०४ टक्के येते. वर्षाच्या ३६५ दिवसांत असे वीस दिवस सव्वाअठरा वेळा बसतात, म्हणून वर्षाचा दर ३७ टक्क्यांच्या वर जातो, तोही चक्रवाढ न धरता.

आता बँकेतून ९८,००० उचलले, तर वीस दिवसांचे व्याज सुमारे ६४४ रुपये होते आणि १,३५६ रुपये पदरात राहतात. अर्थात खात्याच्या मर्यादेत तेवढी जागा शिल्लक हवी. पैसेही दहाव्या दिवशीच द्यावेत. उत्साहाने तिसऱ्याच दिवशी दिले, तर सूट तेवढीच मिळते आणि सात दिवसांचे सव्वादोनशे रुपये व्याज फुकट जाते. दहा दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल पोचल्यापासून, हेही आधीच विचारून घेतलेले बरे, कारण ट्रान्सपोर्टमध्ये चार दिवस सहज जातात.

या हिशेबातला नाजूक आकडा दिवसांचा आहे. छापील मुदत तीस दिवसांची असली, तरी प्रत्यक्षात पैसे साठाव्या दिवशी जात असतील, तर वापराचे दिवस पन्नास होतात आणि दर १५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. बहात्तराव्या दिवशी तो बँकेच्या १२ टक्क्यांशी जुळतो. मात्र पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीपलीकडच्या उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते, म्हणून ही सवलत फुकटची समजू नये.

याच बिलावर सूट अर्धा टक्का असती, तर वर्षाचा दर सव्वानऊ टक्क्यांच्याही आत राहिला असता, आणि मग बिल तिसाव्या दिवसापर्यंत खिळ्यालाच ठेवणे शहाणपणाचे ठरले असते.