गोणीवरचं नाव, नावाखालची ओळ

(दृश्य: जूनचा पहिला आठवडा. कृषी सेवा केंद्राचं काउंटर, मागे गोण्यांची थप्पी, पत्र्यावर पावसाचा आवाज.)

या आवाजात गिऱ्हाईक खताचं नाव एकदाच उच्चारतं. दुकानदाराला ते पहिल्या खेपेला ऐकू आलं नाही, तर हाताशी असलेली दुसरी गोणी पुढे सरकते. म्हणून नाव आधी कानाने तपासायचं, कागदावरची अक्षरं नंतर.

उदाहरण घेऊ. लांज्याजवळचा एक बचत गट 40 किलोच्या गोणीत चाळलेलं गांडूळखत विकणार आहे. गिऱ्हाईक म्हणजे दहा-वीस गुंठे भात, थोडी हापूसची आणि काजूची कलमं असलेला शेतकरी. नाव ठरवायचं आहे आणि त्याखाली एक ओळ.

पहिलं सुचतं ते ‘कोकण ऑरगॅनिक’. यात जागेचं नाव आहे आणि मालाचं वर्णन आहे, बाकी काही नाही. अशा निव्वळ वर्णनाच्या नावाला 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 आडवं येतं. नोंदणी जवळपास अशक्य, आणि उद्या शेजारच्या तालुक्यात कुणी ‘कोकण सेंद्रिय’ काढलं तर त्याला अडवता येत नाही.

(दृश्य: आंब्याच्या फांदीला फुटलेली तांबूस पालवी.)

‘पालवी’ कानाला गोड आहे. शहरातला डिझायनर हे नाव हमखास सुचवतो. पण हापूसवाल्याला विचारा. पाऊस लांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोहोराऐवजी पालवी फुटते आणि त्या फांद्यांवरचा मोहोर लांबतो, नाहीतर येतच नाही. ज्या गोष्टीची बागायतदाराला धास्ती, तीच गोणीवर छापली जाईल. ‘मोहोर’ ठेवावं, तर ते उलट टोकाचं. मोहोर थंडीवर आणि झाडाच्या ताणावर अवलंबून असतो, तो गांडूळखताच्या हातात नाही. एक हंगाम चुकला की दोष नावाला. आणि ‘सोनखत’ तर विसराच. सोनखत म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत, हा खरा अर्थ जुन्या माणसांना माहीत आहे, ते गालात हसतील.

(दृश्य: उतारावरचा चिऱ्यांचा गडगा, पलीकडे खाचरं.)

आता ‘गडगा’ घ्या, म्हणजे दगड रचून केलेलं बैठं कुंपण. दोन ठसठशीत ग, मध्ये ड, त्यामुळे पावसातही ऐकू येतं. वाडीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि चित्र काढायला सोपं. जांभ्याच्या उतारावर गडगा माती अडवतो, म्हणजे नाव खताच्या कामाकडे बोट दाखवतं, पण खताचं वर्णन करत नाही. खोट एकच. गडगा म्हटला की भावकीतला हद्दीचा वाद आठवतो. आमच्या मते ते चालेल, कारण हसून बोललेलं नाव लक्षात राहतं. घाटावर मात्र हे नाव फारसं बोलणार नाही. माल कोकणाबाहेर न्यायचा विचार असेल तर ते आत्ताच ठरवा.

नाव एवढं आडवळणाचं असलं की खालच्या ओळीने सरळ बोलायला हवं. माल काय आणि कशाला घालायचा, एवढंच. इथे ‘युरियाला पर्याय’ लिहायचा मोह होतो. हिशेब करून पाहा. गांडूळखतात 1 टक्का नत्र धरलं तर 40 किलोच्या गोणीत 400 ग्रॅम. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 20.7 किलो. शेतकऱ्याने ओळीवर विश्वास ठेवून युरिया बंद केला, तर भात पिवळं पडेल आणि गोणी परत येईल.

ओळीचा पहिला खर्डा असा: ‘गांडूळखत – आळ्यालाही, खाचरालाही’. लिहिलेलं छान दिसतं. फोनवर वाचून दाखवलं की ‘आळ्या’चं ‘अळ्या’ होतं, आणि खताच्या गोणीवर अळ्या कुणालाच नकोत. म्हणून ‘गांडूळखत – कलमालाही, भातालाही’. जोडी पक्की.

(दृश्य: मोबाइलवर टाइप करणारा अंगठा.)

आता बाहेर विचारा. ज्याला काहीच सांगितलेलं नाही अशा पाच-सहा जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा. कुणी ‘गाडगा’, ‘गाडगे’ लिहिलं तर तीही रूपं टिपून ठेवा. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर खतांच्या वर्ग 1 मध्ये याच रूपांचा शोध घ्यायचा आहे, मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत. उच्चारसाम्याचा पर्यायही निवडा, कारण नुसतं ऐकायला सारखं असलेलं जुनं नावसुद्धा हरकतीला पुरतं. काही अडलं नाही तर नोंदणीसाठी टीएम-ए अर्ज. ऑनलाइन भरल्यास व्यक्ती किंवा लघुउद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. गट कोणत्या नावाने अर्ज करतो त्यावर फी ठरते. अर्ज ‘गडगा’ या शब्दाचा करा. खालची ओळ वर्णनाची आहे, तिला एकटीला संरक्षण मिळणं कठीण.

गोणी छापायला देण्याआधी एक नमुना विणलेल्या गोणीवरच छापून घ्या. विणीवर बारीक रेघा आणि अनुस्वार बुजतात. ओळीची अक्षरं जाड ठेवा. आणि 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार लागणाऱ्या मजकुराची जागा आधी आखून घ्या, उरलेल्या जागेत गडग्याचं चित्र.