चटणीच्या डब्यावर हात

(दृश्य: गॅसवर रटरटणारं पातेलं. वर लाल तवंग.)

कोल्हापुरातलं एक स्वयंपाकघर. वाटीभर अख्खा मसूर शिजतोय, चार माणसांपुरता. कांदा-लसूण चटणी दोन चमचे पडलीय, रंगही झकास आलाय. तरी सून चव बघून म्हणते, "आत्या, काय तर कमी हाय. अजून चमचाभर चटणी टाकतो."

सासूबाई डब्यावर हात ठेवतात. "तिखट हाय की. चव न्हाई."

तिखट ही जिभेची चव नव्हेच. मिरचीनं तोंडात होणारी ती आग. आग वाढवली म्हणून सपक रस्सा चविष्ट होत नाही. त्यात उशिरा घातलेली चटणी कच्चट लागते. आणि आपल्या चटणीत मीठ असतंच, म्हणून मीठ घालताना हात आखडतो. मसूर मात्र शिजताना मीठ आत ओढून घेतो, आणि रस्सा अळणी राहतो.

(दृश्य: ओट्यावर एक वाटी, त्यात डावभर रस्सा.)

पातेल्याला अजून हात लावायचा नाही. आधी वाटीत चिमटीभर मीठ. थोडं निवू द्यायचं, कारण कढत रश्शाची चव नीट कळत नाही. लसूण आणि भाजलेलं खोबरं आता ओळखू येतं, पण रस्सा जड लागतो. म्हणून त्याच वाटीत लिंबाचे दोन थेंब. जडपणा गेला, पण आंबट किंचित टोचतंय. मग बोटाच्या टोकावर मावेल एवढा गूळ.

आता पातेलं. मीठ पाव चमचा, आणि मंद आचेवर पाच मिनिटं, म्हणजे ते दाण्यापर्यंत पोचेल. इथं मीठ जरा कमीच ठेवायचं, कारण आंबट पडलं की खारटपणा वर येतो. गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस. उकळला तर त्याचा वास उडतो. शेवटी हरभऱ्याएवढा गूळ. कोल्हापूरचा गूळ चांगला म्हणून ढेकूळ टाकायची नाही! आमटी गोड लागली की समजायचं, जास्त झाला. त्यानं फक्त आंबटाची धार बोथट व्हायला हवी.

मीठच जास्त पडलं असेल, तर लिंबू नको; बिनमिठाचा शिजलेला मसूर आणि गरम पाणी घालायचं. आणि फोडणीत लसूण करपला असेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तो कडूपणा गुळानंही झाकला जात नाही.

(दृश्य: सून पुन्हा चव बघते.)

"आत्या, आता तिखट बी जास्त लागतंय की!"

"चटणी तेवढीच हाय बघ," म्हणत सासूबाई डबा फळीवर ठेवतात. तव्यावर भाकरी फुगलेली असते.