फोनवरचं वजन, काट्यावरचं वजन

(दृश्य: दोन आकडे शेजारी शेजारी, 31 आणि 42)

अमेरिकेतले लठ्ठ प्रौढ किती? 2018 च्या एका सरकारी सर्वेक्षणानुसार शंभरात सुमारे 31. त्याच सुमाराच्या, म्हणजे 2017-18 च्या दुसऱ्या सरकारी सर्वेक्षणानुसार शंभरात 42. दोन्ही सर्वेक्षणं सीडीसी याच आरोग्य संस्थेची आहेत. लठ्ठपणाची व्याख्याही एकच आहे, उंची आणि वजनावरून काढलेला बीएमआय 30 किंवा त्याहून जास्त. पहिल्यात वय 18 पासून मोजतात, दुसऱ्यात 20 पासून, पण तेवढ्याने अकरा टक्क्यांची दरी पडत नाही. खरा फरक हा की पहिल्यात माणसाला त्याचं वजन विचारतात आणि दुसऱ्यात त्याला काट्यावर उभं करतात.

(दृश्य: फोनवर प्रश्न विचारणारी मुलाखतकार)

विचारणाऱ्या सर्वेक्षणाचं नाव बीआरएफएसएस. 1984 पासून ते फोनवरून चालतं आणि दरवर्षी चार लाखांहून जास्त प्रौढ त्यात उत्तरं देतात. प्रश्न साधा असतो: बूट न घालता तुमचं वजन साधारण किती? उंची साधारण किती? समोरचा सांगेल तो आकडा नोंदवला जातो.

(दृश्य: एकमेकांना जोडलेले ट्रेलर, आत तपासणीची खोली)

मोजणारं सर्वेक्षण एनहेन्स. त्याची तपासणी केंद्रं ट्रेलरमध्ये असतात आणि गावोगाव फिरतात. माणूस आपले कपडे उतरवून पातळ झगा घालतो आणि डिजिटल काट्यावर उभा राहतो. उंची घेताना टाचा आणि पाठ मोजपट्टीच्या खांबाला लागलेली, नजर सरळ, श्वास भरून घेतलेला. वरची आडवी पट्टी डोक्याला टेकली की मिलिमीटरपर्यंतची उंची लिहिली जाते. ही पद्धत महागडी असल्याने वर्षाला जेमतेम पाच हजार माणसंच तपासता येतात. त्यांतून देशाचा आकडा मिळतो, पण पन्नास राज्यांचे वेगवेगळे आकडे काढायला ती संख्या पुरत नाही. म्हणून राज्यांना फोनवरच्या आकड्यांवरच भागवावं लागतं.

सांगितलेले आकडे चुकतात, पण ते कसेही चुकत नाहीत, त्यांना दिशा असते. उंची वाढवून सांगितली जाते आणि ही सवय पुरुषांत जास्त दिसते. वजन कमी करून सांगितलं जातं, ते स्त्रियांत जास्त. वय वाढतं तसा पाठीचा कणा खचून उंची कमी होते, पण माणूस तरुणपणी मोजलेलीच उंची सांगत राहतो. यात लबाडी नसते, त्याला खरोखर तीच माहीत असते. वजनाचंही असंच आहे. अनेकांनी ते बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नसतं. ज्यांचं वजन फार कमी असतं ते उलट थोडं वाढवून सांगतात. म्हणजे दोन्ही टोकांची माणसं मधल्या आकड्यांकडे सरकतात.

(दृश्य: गणित पडद्यावर)

एक उदाहरण घेऊ. एका पुरुषाची खरी उंची 175 सेंटिमीटर, खरं वजन 94 किलो. बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं.

94 ÷ (1.75 × 1.75) = 30.7

हा माणूस लठ्ठ गटात मोडतो. त्याने वजन बरोबर सांगितलं आणि उंचीत फक्त दोन सेंटिमीटर वाढवले, तर उत्तर येतं 30.0, अगदी रेषेवर. त्यात वजनही दोन किलोने कमी सांगितलं, तर उत्तर 29.4. आता तो लठ्ठांच्या मोजणीतून बाहेर गेला. उंचीचा वर्ग होत असल्याने उंचीतली एक टक्का चूक बीएमआयमध्ये दोन टक्के होऊन उतरते. सगळ्यांचं लक्ष वजनाकडे असतं, पण पुरुषांच्या आकड्यांत उंची बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

एवढीशी चूक देशाच्या आकड्यात मोठी होते, कारण रेषेजवळ गर्दी असते. बीएमआयची सरासरी 29 आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 6 असलेली, घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाची एक काल्पनिक लोकसंख्या घ्या. तिच्यात 30 च्या वर सुमारे 43 टक्के लोक असतील. आता प्रत्येकाचा बीएमआय फक्त एकाने कमी करा. 30 च्या वर उरतात 37 टक्के. सरासरी एकाने हलली, पण लठ्ठांचा आकडा सहा टक्क्यांनी पडला. खऱ्या आयुष्यात तर जड माणसं हलक्या माणसांपेक्षा जास्त कमी सांगतात, त्यामुळे 35 आणि 40 च्या वरचे तीव्र लठ्ठपणाचे गट प्रमाणात आणखी जास्त आटतात.

(दृश्य: वजनांचा स्तंभालेख, ठरावीक अंतरावर उंच सुळके)

सांगितलेली वजनं ओळखायची एक खूण आहे. पौंडांतल्या वजनांचा शेवटचा अंक मोजा. शून्य किंवा पाच हे अंक पाचातल्या एका नोंदीत यायला हवेत. फोनवरच्या माहितीत ते त्याहून कितीतरी जास्त येतात, कारण माणूस 187 न म्हणता 185 किंवा 190 म्हणतो.

ही माहिती वापरणाऱ्यांनी एक खड्डा टाळावा. बीआरएफएसएसच्या WEIGHT2 या रकान्यात साधा आकडा पौंडांत असतो, पण कोणी किलोत उत्तर दिलं तर पुढे 9 लावतात. 9085 म्हणजे 85 किलो. 7777 म्हणजे माहीत नाही, 9999 म्हणजे उत्तर दिलं नाही. हे वेगळे न काढता सरासरी काढली तर हजारो पौंडांची माणसं हिशोबात शिरतात.

मग फोनवरचा आकडा दुरुस्त कसा करायचा? पहिला मार्ग सुचतो तो समीकरणाचा. एनहेन्समध्ये काट्याआधी घरी जाऊन उंची-वजन विचारतातही, त्यामुळे एकाच माणसाचे दोन्ही आकडे मिळतात. त्यांच्यातलं नातं काढून ते फोनवाल्यांना लावायचं. यात दोन दोष आहेत. समीकरण प्रत्येकाला त्याच्यासारख्यांच्या सरासरीवर आणून ठेवतं, त्यामुळे टोकं छाटली जातात, आणि लठ्ठपणा तर टोकालाच असतो. दुसरं, थोड्या दिवसांत आपल्याला मोजणार आहेत हे माहीत असलेला माणूस फोनवरच्यापेक्षा खरं बोलण्याचा संभव जास्त. त्याच्या चुकीवरून फोनवरची चूक मोजली तर दुरुस्ती अपुरी पडते.

(दृश्य: दोन रांगा, शेजारी शेजारी)

दुसरा मार्ग क्रमाचा आहे. स्त्री-पुरुष आणि वयोगटाप्रमाणे फोनवाल्यांची रांग लावायची, सर्वांत कमी बीएमआयपासून सर्वांत जास्तपर्यंत. मोजलेल्यांचीही तशीच. मग फोनच्या रांगेत नव्वदाव्या शतमकावर, म्हणजे शंभरातल्या नव्वदांच्या पुढे, जो आहे, त्याला मोजलेल्या रांगेतल्या नव्वदाव्या शतमकाचा बीएमआय द्यायचा. अशी प्रत्येक पायरीची जोडी लावायची. माणसाचा क्रम त्याने सांगितलेल्यावरून ठरतो आणि मूल्य मोजलेल्यावरून. दोन्ही टोकं शाबूत राहतात.

याच धर्तीच्या दुरुस्तीवर 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अंदाज छापला गेला. बीआरएफएसएसच्या 62 लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एनहेन्सशी जुळवून संशोधकांनी सांगितलं की 2030 पर्यंत अमेरिकेतला जवळजवळ प्रत्येक दुसरा प्रौढ लठ्ठ असेल. कच्च्या फोनच्या आकड्यांनी हे चित्र बरंच सौम्य दिसलं असतं.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. लोकसंख्येचं वितरण सुधारतं, एकेका माणसाचं वजन सुधारत नाही. सगळ्या राज्यांतले लोक सारख्याच प्रमाणात कमी सांगतात असं ती गृहीत धरते. एखाद्या राज्यातले लोक जास्त खरं बोलत असतील, तर ते राज्य यादीत उगीच वर चढतं आणि निधी चुकीच्या ठिकाणी जाऊ शकतो.

आजारांच्या अभ्यासात उलटंच घडतं. सांगितलेल्या आकड्यावरून जो लठ्ठ ठरतो, तो खरा आणखी जड असतो, आणि रेषेजवळचे बरेच लठ्ठ खालच्या गटात जाऊन बसतात. त्यामुळे लठ्ठपणाचा मधुमेहाशी संबंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. कॅनडात दोन्ही आकडे घेतले तेव्हा हे स्पष्ट झालं. तिथे 2005 मध्ये सांगितलेल्या आकड्यांनी लठ्ठ सुमारे 15 टक्के आणि मोजलेल्यांनी जवळपास 23 टक्के ठरले.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे कर्मचारी घरी जाऊन काटा लावतात. त्यातल्या महाराष्ट्राच्या आकड्याशेजारी एखाद्या ऑनलाइन प्रश्नावलीचा आकडा ठेवायचा असेल, तर आधी त्या प्रश्नावलीतलं वजन कोणी मोजलं ते पाहावं, आणि मग लठ्ठपणाची रेषा 25 धरली आहे, 27.5 की 30, तेही तपासावं.